चित्रातली कंबर: नेफा, नाडी आणि इलॅस्टिकच्या चुण्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माणसं चित्रित करायला शिकणाऱ्यांचे चेहऱ्याबद्दलचे आणि हातांच्या बोटांबद्दलचे प्रश्न सगळ्यांनाच ठाऊक असतात. पण कपड्यांची चित्रं सुरू झाली की दुसराच प्रश्न सारखा येतो: सदरा जमतो, पायही जमतात, कंबरेपाशी मात्र लेंगा किंवा परकर हवेत लटकल्यासारखा दिसतो. त्या एका जागेबद्दल आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पेन्सिल, शाई किंवा टॅब्लेट कशावरही लागू पडतील. मापं इंचांत आहेत, कारण शिंपी इंचांत बोलतो आणि कपड्याचं चित्र काढणाऱ्यानं शिंप्याची भाषा थोडी उचललेली बरी.

मी नाडी काढली, गाठही काढली, तरी लेंगा आत्ता घसरेल असं वाटतं. नेमकं काय राहून जातं?

बहुतेक वेळा बाह्यरेषेतला खाचा राहून जातो. नाडी किंवा इलॅस्टिक अंगाला आवळून बसतं आणि त्याच्या लगेच खालचं कापड आवळलेलं नसतं, म्हणून ते बाहेर फुगतं. समोरून पाहिलं तर दोन्ही बाजूंना पट्टीपाशी रेषा आत येते आणि पट्टी संपताच पुन्हा बाहेर पडते. हा पाव-अर्ध्या इंचाचा खाचा नसेल, म्हणजे छातीपासून मांडीपर्यंत एकच सलग रेषा ओढली असेल, तर मधे कितीही चुण्या भरा, कपडा धरून ठेवलेला दिसत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्याला आवळ दिसली पाहिजे, आणि ती आतल्या रेघांपेक्षा कडेला आधी दिसते.

करून पाहायचं तर जुन्या चित्रातल्या आतल्या सगळ्या चुण्या खोडा, नाडीही खोडा, नुसती बाह्यरेषा ठेवा आणि दोन्ही बाजूंना खाचा द्या. लेंगा त्या क्षणी कंबरेवर बसतो. चुण्यांचं काम त्यानंतर सुरू होतं.

कंबरपट्टी नक्की कुठे काढायची? बेंबीवर, की तिच्या खाली?

कपडा काय आहे त्यावर. शरीरावर कपडा अडकून राहायला दोन जागा आहेत. एक म्हणजे बरगड्या संपल्यानंतरची सर्वांत बारीक जागा. ती बहुधा बेंबीच्या जरा वर असते. दुसरी म्हणजे कंबरेच्या हाडांची कड. हात कंबरेवर ठेवला की बोटांना लागते ती. परकर, हलका घागरा, जुन्या पद्धतीची उंच पँट पहिल्या जागी किंवा तिच्या आसपास बसतात. लेंगा, जॉगर्स, आजकालच्या बहुतेक जीन्स दुसऱ्या जागी टेकतात.

या दोन्हींच्या मधे कुठेतरी पट्टी काढली की ती कशालाच धरत नाही. आतलं शरीर आधी हलक्या रेषेत काढून कंबरेच्या हाडाच्या दोन खुणा करून ठेवा आणि मग ठरवा: ही पट्टी आवळीवर टिकली आहे की हाडावर टेकली आहे? हाडावर टेकलेल्या पट्टीची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. हाडाची कड बाजूंना उंच असते आणि पुढे खाली उतरते. त्यामुळे अशी पट्टी पुढच्या बाजूला थोडी खाली झुकते आणि पाठीवर उंच राहते. पँटचं आसन, म्हणजे दोन पाय जुळतात तिथून पट्टीपर्यंतचा भाग, मागे पुढच्यापेक्षा उंच कापतात त्याचंही एक कारण हेच, दुसरं अर्थातच बसताना लागणारं कापड.

पट्टीची वरची कड सरळ रेषेत काढली तर चालेल का? वाकवायची असेल तर वर की खाली?

सरळ चालत नाही, कारण कंबर गोल आहे. ती कड म्हणजे लंबवर्तुळाचा पुढचा अर्धा भाग. पाहणाऱ्याची नजर कंबरेपेक्षा वर असेल तर तो भाग खाली झुकतो, नजर कंबरेपेक्षा खाली असेल तर वर उचलतो. आपण उभ्या माणसाला उभ्यानं पाहतो तेव्हा आपली नजर त्याच्या चेहऱ्याजवळ असते, म्हणून रोजच्या चित्रांत पट्टी खाली झुकलेलीच काढायची. ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाला खाली बसलेलं मूल पाहत असेल, तर उलट.

पट्टीला दोन कडा असतात हे विसरू नका. वरची आणि खालची कड सारख्याच दिशेनं वाकते, पण खालची थोडी रुंद असते, कारण शरीर खाली रुंद होत जातं. नितंब भरलेले असतील तर टोकांशी पट्टी किंचित बाहेर झुकलेली दिसते. पोझ तिरकी असेल तर काय होतं ते खाली एका पायावर भार दिलेल्या आकृतीच्या प्रश्नात आहे.

चुण्या किती काढायच्या? मी अंदाजानं भरत जातो आणि कधी कमी वाटतात, कधी गर्दी होते.

अंदाज सोडा, वजाबाकी करा. चुणी म्हणजे जागा न मिळालेलं कापड. किती कापड जास्तीचं आहे ते कळलं की चुण्यांचा हिशोब आपोआप लागतो.

समजा एका बाईची कंबर 28 इंच आहे आणि नितंबांचा घेर 38. तिनं इलॅस्टिकची साधी सुती पँट घातली आहे. या पँटला चेन नाही, हुक नाही, म्हणजे ती नितंबांवरून वर चढली पाहिजे. तेव्हा वरच्या तोंडाला कापड किमान 40 इंच हवं. तेच 40 इंच कापड इलॅस्टिक 28 वर आणून ठेवतं. उरले 12 इंच. हे 12 इंच कंबरेभोवती चुण्यांत जिरले आहेत.

आता एक चुणी किती कापड खाते? पाव इंच वर उठलेली चुणी जाताना पाव आणि येताना पाव, असं साधारण अर्धा इंच खाते. म्हणजे कंबरेभोवती चोवीसेक चुण्या. समोरून त्यातल्या अर्ध्या दिसतात, बारा. त्यातही कडेच्या तीन-चार एकमेकींना चिकटून आलेल्या दिसतात, कारण तिथे शरीर आपल्यापासून वळतं. मधल्या आठ-नऊ मोकळ्या. हातभर उंचीच्या आकृतीत एवढ्या काढता येतात. बोटभर आकृतीत मधल्या चार आणि दोन्ही कडांना एकेक गडद ठिपका पुरतो.

चेन किंवा हुक असलेल्या पँटला नितंबांवरून चढायचं नसतं, म्हणून तिथे तोंडाचं माप कंबरेएवढंच असतं आणि जास्तीचं कापड जवळजवळ शून्य. अशा पँटला चुण्या काढल्या की ती उसनी आणल्यासारखी दिसते.

त्या चुण्या खाली कुठपर्यंत न्यायच्या?

पुन्हा तीच वजाबाकी, फक्त खालच्या पातळीवर. वरच्या उदाहरणात नितंबांच्या सर्वांत रुंद जागी शरीर 38 आहे आणि कापड 40. तिथे जास्तीचं कापड दोनच इंच उरलं. म्हणजे कंबरेपाशी सुरू झालेल्या चुण्या साधारण सात ते नऊ इंच खाली येईपर्यंत शरीरानं भरून काढल्या. पट्टीपासून नितंबांच्या रुंदीपर्यंतचं हे अंतर हाच चुण्यांचा मुलूख. बऱ्याचशा पहिल्या दोन-तीन इंचांतच विरतात, मोजक्या खालपर्यंत पोचतात.

पोटावर आणि नितंबांवर त्या आणखी लवकर विरतात, कारण तिथे शरीर आधी बाहेर येतं. कंबरेच्या बाजूला आणि पोट-मांडीच्या खोलगट भागात जास्त टिकतात. एवढा फरक दाखवला तरी आतलं शरीर दिसू लागतं.

आजोबांचा लेंगा याला अपवाद. त्याचं तोंड 48-50 इंचांचं असतं. नितंब 38 असले तरी तिथेही दहा-बारा इंच कापड मोकळं असतं, म्हणून दोन-चार मोठ्या घड्या आसनाच्याही खाली, मांडीवरून ओघळत जातात. घेरदार परकराचं गणित तर वेगळंच. त्यासाठी शेवटून तिसरा प्रश्न पाहा.

नाडीच्या चुण्या आणि इलॅस्टिकच्या चुण्या यांत चित्रात फरक दिसतो का?

दिसतो, आणि तो दाखवला नाही तर गाठ काढूनही नाडी पटत नाही.

इलॅस्टिक नेफ्याच्या, म्हणजे ते घालायला शिवलेल्या दुमडीच्या, रुंदीचंच असतं, इंच किंवा सव्वा इंच. शिवताना ताणून बसवतात आणि सोडल्यावर ते सगळीकडून सारखं आकसतं. त्यामुळे पट्टी स्वतः सपाट राहते, तिच्या दोन्ही कडा बऱ्यापैकी सुबक असतात आणि तिच्या अंगावर बारीक, आखूड, उभ्या रेघा दिसतात. खालच्या चुण्या संख्येनं जास्त, उंचीनं कमी आणि साधारण सारख्या अंतरावर येतात.

नाडी नेफ्यापेक्षा अरुंद असते. ती ओढली की नेफाच चुरगळतो. नाडीच्या वर थोडं कापड उभं राहतं, खाली थोडं लोंबतं आणि वरची कड नागमोडी होते. चुण्या कमी पण खोल असतात. मघाच्या 12 इंचांच्या हिशोबात एक चुणी अर्धा इंच उठली तर ती एक इंच खाते, म्हणजे भोवती बाराच. शिवाय नाडी ज्या भोकातून बाहेर येते तिथून ओढली जाते, म्हणून कापड आधी त्या तोंडाजवळ गोळा होतं. माणसानं हातानं सारखं केलं नसेल तर पुढे गर्दी आणि पाठीवर मोकळं. घाईत बांधलेला लेंगा आणि नीट बांधलेला लेंगा एवढ्यावरून वेगळे दाखवता येतात. मला तर गाठीपेक्षा ही पुढची गर्दीच जास्त बोलकी वाटते.

माझ्या चुण्या कंगव्याच्या दातांसारख्या येतात. रेषा मारायची कशी?

तसं होण्यामागं तीन कारणं असतात: सगळ्या सारख्या लांब, सगळ्या सारख्या जाड, सगळ्या समांतर.

रेषा शिवणीपासून सुरू करा, खालून वर नेऊ नका. सुरुवातीला दाब द्या आणि हात उचलत खाली सोडा, म्हणजे मुळाशी जाड आणि टोकाला विरलेली रेघ मिळते. जाड भाग म्हणजे दोन चुण्यांमधली खोल सावली, चुणीचा माथा नव्हे. माथा कोरा राहतो. मग लांबी बदला: एक लांब, दोन आखूड, एक मध्यम, पुन्हा आखूड. कुठे दोन रेघा खाली येऊन एकीत मिळतात, कारण दोन लहान चुण्या खाली एक मोठी घडी होतात. अशी जोडणी समोरच्या भागात दोन-तीन ठिकाणी पुरे, प्रत्येक जोडीला नको.

दिशा सगळ्यात महत्त्वाची. मधल्या रेघा उभ्या, कडेच्या रेघा शरीराच्या वळणाबरोबर बाहेर झुकलेल्या. पोटावरून जाणारी रेघ पोटाच्या गोलाईनं वाकते. पट्टीच्या खालच्या कडेला सलग काळी रेघ ओढू नका. चुण्यांच्या मुळांशी ती गडद, माथ्यांवर तुटलेली ठेवली की कड आपोआप उठते.

पट्टेरी किंवा चौकडीचं कापड असेल तर? चुण्या आणि पट्टे यांचा गोंधळ होतो.

पट्टेरी कापड खरं तर मदत करतं, कारण पट्टेच चुणी दाखवतात. एक उदाहरण सुरुवातीपासून करून पाहू: वयस्क गृहस्थ, उभे, निळ्या उभ्या पट्ट्यांचा सुती लेंगा, पांढरी नाडी.

आधी शरीर हलकं काढा आणि कंबरेच्या हाडांच्या खुणा करा. लेंगा हाडावर टेकलेला आहे, तेव्हा नेफ्याचं लंबवर्तुळ पुढे थोडं झुकतं ठेवा. नेफा सव्वा इंचाच्या प्रमाणात, वरची कड नागमोडी. बाजूंना खाचा द्या आणि त्याखाली लेंगा भरपूर बाहेर पडू द्या, कारण तोंड पन्नास इंचांचं आहे. मग पेन्सिलीनं फक्त मोठ्या घड्या ठरवा. समोर पाच पुरतात. त्यातल्या दोन मांडीपर्यंत न्या, तीन पोटाखाली संपवा.

आता पट्टे. खाली मोहरीपासून, म्हणजे लेंग्याच्या पायाच्या तोंडापासून, सुरू करा, कारण तिथे कापड मोकळं आहे आणि पट्ट्यांमधलं अंतर खरं दिसतं, समजा अर्धा इंच. तिथून वर येताना पट्टे घडीत शिरतात आणि दिसेनासे होतात. मोहरीपाशी समोर दिसणारे दहा पट्टे नेफ्यापाशी दहाच्या दहा दिसता कामा नयेत. पाच-सहा दिसतात, बाकीचे चुण्यांच्या पोटात. जे दिसतात ते एकमेकांच्या जवळ आलेले, आणि चुणीच्या उतारावर असलेले बारीक झालेले. नेफ्यावरही पट्टे दिसतात, कारण तो त्याच कापडाची दुमड आहे, पण तिथे ते चुरगळलेले, तुटक.

शेवटी सावली. ती फक्त चुण्यांच्या मुळाशी आणि नेफ्याच्या खालच्या कडेला. पट्ट्यांनी काम केलेलं असतं, म्हणून साध्या कापडाच्या निम्मी सावलीही पुरते.

चौकडीच्या आडव्या रेघा चुणीच्या माथ्यावरून खोलात जाताना वरखाली होतात, म्हणजे नागमोडी होतात. नेफ्यापासून चार-पाच इंच खाली गेल्यावर त्या सरळ व्हायला लागतात. टॅब्लेटवर तयार चौकडी एका लेयरवर चिकटवून तशीच सोडली की कपडा पुठ्ठ्याचा वाटतो, तो या सरळ राहिलेल्या रेघांमुळे.

गाठ आणि नाडीची टोकं कशी दाखवायची?

नेफ्याच्या मधे उभी चीर असते, तिथून नाडीची दोन टोकं बाहेर येतात. परकराची चीर बहुधा बाजूला येते आणि सैल असली की तिथे कापड इंग्रजी व्ही अक्षरासारखं उघडतं. गाठ साधी सुरगाठ असेल तर एक किंवा दोन फासे आणि दोन टोकं. टोकं कधीच सारख्या लांबीची नसतात. नाडी वजनदार नसली तरी ती सरळ खाली लोंबते, पोटाच्या गोलाईवरून घसरत. तिला हवेत वळणं देऊ नका.

गाठ नेफ्यात किंचित रुतते. तिच्या दोन्ही बाजूंनी दोन छोट्या रेघा गाठीकडे खेचलेल्या दाखवा, ताण कळतो.

जॉगर्सला इलॅस्टिकही असतं आणि नाडीही. मग चुण्या कोणाच्या काढायच्या?

इलॅस्टिकच्या. भार इलॅस्टिकच पेलतं, नाडी वरून लावलेली असते, बऱ्याच वेळा बांधलेलीसुद्धा नसते आणि दोन आयलेटमधून नुसती लोंबते. म्हणून पट्टी रुंद, दीड-दोन इंच, सपाट, बारीक उभ्या रेघांची. बऱ्याच जॉगर्समध्ये इलॅस्टिकवरून तीन-चार आडव्या टिपा मारलेल्या असतात. त्यामुळे पट्टीवरच्या उभ्या रेघा त्या टिपांनी तुटतात, एका टिपेपासून दुसरीपर्यंत आखूड. नाडी घट्ट ओढून बांधली असेल तरच आयलेटच्या आजूबाजूला जास्तीच्या दोन-तीन खोल घड्या घाला. जॉगर्सचं कापड बहुधा जाड आणि मऊ असतं, तिथे चुण्यांची टोकं टोकदार न ठेवता गोलसर ठेवा.

पुढे सपाट आणि मागे इलॅस्टिक अशी पँट समोरून कशी दाखवू?

समोरून पट्टी गुळगुळीत, बाजूच्या शिवणीपासून मागे चुण्या. समोरच्या चित्रात बाजूच्या शिवणीच्या पलीकडे जो चिंचोळा भाग दिसतो तेवढ्यातच दोन-तीन रेघा येतात. त्या असल्या की ओळखणारा ओळखतो. पाठीमागून काढताना मात्र हिशोब बदला: सगळं जास्तीचं कापड आता अर्ध्या कंबरेत बसवायचं आहे, म्हणून मागे चुण्या दुप्पट दाट.

जीन्स किंवा फॉर्मल पँटला तर चुण्याच नाहीत. तिथे धरून ठेवणं कसं दाखवायचं?

पट्ट्यानं आणि पट्टीच्या कडकपणानं. जीन्सची पट्टी जाड असते, ती वळते पण चुरगळत नाही. बेल्टचे लूप पट्टीवर बसलेले असतात, पुढे दोन, मागे एक आणि मागच्या बाजूंना दोन अशी पाच लूपांची मांडणी नेहमीची. पँट मापात असेल तर पट्टीखाली कापड ताठ, आणि आसनापासून तिरक्या रेघा.

पँट मोठी असेल आणि बेल्टनं आवळली असेल तर लूपांच्या मधे कापड दुमडून बाहेर येतं, लूपपाशी मात्र ते बेल्टला धरलेलं असतं. दोन लूपांच्या मधे एखादी जाड घडी, बस. मोठ्या भावाची पँट घातलेला मुलगा याच एका घडीनं कळतो.

पोट सुटलेल्या माणसाची पट्टी कुठे जाते?

पोटाच्या वर किंवा पोटाच्या खाली. पोटाच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावर ती टिकत नाही, कारण तिथून दोन्ही बाजूंना उतार आहे. वर बांधणारी माणसं जुन्या वळणाची, त्यांची पट्टी पोटाच्या वरच्या उतारावर आणि पुढून मागून जवळजवळ एका पातळीत. खाली बांधणाऱ्यांची पट्टी पाठीवर उंच आणि पुढे पोटाखाली दडलेली, बाजूनं पाहिलं तर चांगली तिरकी. समोरून पट्टीचा मधला भाग दिसतच नाही, सदऱ्याची किंवा पोटाची सावली तिच्यावर पडते. नाडीची टोकं मात्र सावलीतून खाली आलेली दिसतात, ती जरूर ठेवा.

या दुसऱ्या प्रकारात पुढे चुण्या जवळपास नसतात आणि मागे, सपाट नितंबांवर, कापड लोंबतं.

लहान मुलांना कंबरच नसते. मग?

खरं आहे, तीन-चार वर्षांच्या मुलाचं पोट हाच त्याचा सर्वांत रुंद भाग. कंबर आणि नितंब यांत फरक नाही, म्हणून इलॅस्टिक पोटावर फक्त आवळीनं टिकतं आणि खेळताना पोटाखाली सरकतं. पट्टीच्या वर पोट गोल बाहेर आलेलं आणि पट्टी पुढे झुकलेली काढा. याच कारणानं छोट्यांच्या स्कर्टला आणि चड्डीला खांद्यावरचे पट्टे लावतात. असे पट्टे असतील तर भार खांद्यावर आहे, तेव्हा पट्टे जिथे जोडले आहेत तिथे कंबरपट्टी किंचित वर उचललेली आणि दोन जोडांच्या मधे झोळ पडलेली दाखवा.

एका पायावर भार देऊन उभी असलेली किंवा बसलेली आकृती असेल तर पट्टी कशी वळते?

पट्टी कंबरेच्या हाडांबरोबर जाते, जमिनीबरोबर नाही. ज्या पायावर भार आहे त्या बाजूचं हाड उंच होतं, म्हणून पट्टीही त्या बाजूला उंच. खांद्यांचा उतार बहुधा उलट असतो. उंच बाजूला बरगडी आणि हाड जवळ येतात, तिथे पट्टीच्या वर सदरा चेपतो. पट्टीखाली त्या बाजूला नितंब बाहेर आलेला असतो, म्हणून चुण्या आखूड, आणि तिथून एक लांब घडी तिरकी खाली दुसऱ्या गुडघ्याकडे जाते. ही एक घडी बरोबर पडली की पोझ उभी राहते.

बसल्यावर कंबरेचा भाग मागे कलतो. पुढे पोट आणि मांडी यांच्या मधे कापड दुमडतं, पट्टी पोटात रुतते किंवा पोटाच्या घडीखाली जाते. पाठीमागे उलट: पट्टी खाली ओढली जाते आणि कडक पँट असेल तर पाठ आणि पट्टी यांच्या मधे फट पडते. इलॅस्टिक असेल तर फट पडत नाही, इलॅस्टिक पाठीला धरून राहतं, फक्त खाली सरकतं.

घेरदार परकर किंवा घागऱ्याच्या चुण्या वेगळ्या कशा?

पँटच्या चुण्या नितंबांपाशी संपतात, घेरदार कपड्याच्या संपत नाहीत. कंबर 28 आणि चुणीदार परकराचा घेर 84, म्हणजे तिप्पट धरला, तर कंबरेपाशी 56 इंच जास्तीचे आणि 38 च्या नितंबांपाशीही 46 शिल्लक. वजाबाकी शून्यावर येतच नाही. म्हणून काही चुण्या विरल्या तरी बाकीच्या एकमेकींत मिळून मोठ्या घड्या होतात आणि खालच्या काठापर्यंत जातात. काठ सरळ रेषेत न काढता त्या घड्यांबरोबर आत-बाहेर जाणारा काढा.

कळीदार परकर याला अपवाद. त्याचा घेर कळ्यांच्या आकारातून येतो, वर अरुंद आणि खाली रुंद. वर चुण्या थोड्याच, नाडीपुरत्या, आणि घड्या साधारण नितंबांच्या खाली उघडतात. चुणीदार परकरासारखा वरपासून फुगवलेला कळीदार परकर म्हणजे शिवणकाम न पाहता काढलेलं चित्र.

लग्नातला जड भरतकामाचा घागरा चार-पाच किलोंचाही असू शकतो. एवढं वजन नाडीला सोबत हुक घेऊन, कंबरेच्या हाडावर टेकवून पेलावं लागतं. पट्टी अंगात रुतलेली दाखवा: वरच्या कडेला कातडी किंचित वर आलेली, बाजूंना खाचा खोल, आणि पट्टीखालच्या चुण्या फुगलेल्या न ठेवता वजनानं सरळ खाली ओढलेल्या.

मुद्दामच सैल इलॅस्टिक किंवा घसरलेली पँट दाखवायची आहे. मग सगळं उलट करायचं का?

सगळं नाही. मेलेलं इलॅस्टिक आकसत नाही, म्हणून पट्टीवरच्या बारीक रेघा जातात आणि पट्टीच लाटांसारखी अंगापासून सुटते. बाजूचा खाचा काढून टाका, पट्टी आणि अंग यांच्या मधे सावलीची फट दाखवा. पट्टी हाडावरून उतरून नितंबांवर अडकलेली, आणि जास्तीची लांबी घोट्यावर गोळा झालेली. वर जेवढं कापड उतरलं तेवढं खाली साठलंच पाहिजे.

एक साधं निरीक्षण इथे कामाला येतं. खिशात मोबाइल असलेली ट्रॅक पँट त्याच बाजूला खाली ओढली जाते, पट्टी तिरकी होते आणि खिशाच्या तोंडापासून पट्टीकडे दोन ताणलेल्या रेघा जातात. इलॅस्टिक अजून जिवंत आहे, फक्त भार एकीकडे आहे, हे त्या दोन रेघा सांगतात.

धोतराला आणि नऊवारीला हेच नियम लावू का?

नाही. धोतराला नेफा नाही, नाडी नाही, ते गुंडाळून, खोचून आणि कासोटा मागे घेऊन टिकतं. तिथे कापड कंबरेभोवती सगळीकडून सारखं आकसत नाही. निऱ्या एका जागी खोचलेल्या असतात आणि घड्या त्या खोचेपासून पंख्यासारख्या उलगडतात. नऊवारीचंही तसंच, फक्त ओचा आणि काष्टा यांच्या जागा नीट पाहून घ्या. लेंग्याच्या चुण्या धोतराला दिल्या की तो धोतर घातलेला माणूस न दिसता धोतराच्या रंगाचा पायजमा घातलेला दिसतो. सहावारीच्या आत मात्र परकराची नाडी असते आणि साडी त्या नाडीतच खोचलेली असते. म्हणून निऱ्यांच्या वरच्या टोकाशी साडीची कड किंचित आत वळलेली आणि आवळलेली काढा.